शेतजमीन विकल्यावर कर कधी लागतो? गावची जमीन, शहरालगतची जमीन आणि मधलं अंतर

आजचा विषय असा आहे की तो बहुतेकांच्या घरात एकदा तरी येतोच. वडिलोपार्जित जमीन विकली, पैसे बँकेत आले, आणि मग कोणीतरी विचारतं, "यावर कर भरायचा का?" याची दोन उत्तरं आपल्याकडे इतकी रूढ आहेत की ती ऐकूनच माणसं व्यवहार करतात. पहिलं उत्तर, "शेतीला इन्कम टॅक्स नाही, मग शेतीच्या विक्रीला कुठून?" आणि दुसरं, "सातबाऱ्यावर नाव आहे ना, मग काही लागत नाही." दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत आणि अर्धवट असल्यामुळेच महागात पडतात.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. शेतात पिकवून जे उत्पन्न मिळतं ते शेती उत्पन्न, आणि ते आयकरातून मुक्त आहे. जमीन विकून जो फायदा होतो ती वेगळी गोष्ट आहे. तिथे कायदा पीक काय निघालं हे विचारत नाही, तर विकलेली वस्तू 'भांडवली मालमत्ता' होती का, एवढंच विचारतो. भांडवली मालमत्ता असेल तर नफा करपात्र. नसेल तर तो भांडवली नफा ठरतच नाही, मग तो 5 लाख असो की 5 कोटी. म्हणजे इथे सूट किंवा सवलत मागायची नसते. ती जमीन मुळात व्याख्येच्या आत आहे की बाहेर, हे ठरवायचं असतं. आजचं सगळं व्याख्यान या एका प्रश्नाभोवती आहे.

1970 पूर्वी भारतातली कुठलीही शेतजमीन भांडवली मालमत्ता नव्हती. शहरं वाढू लागली, कडेच्या जमिनींचे भाव पिकामुळे नव्हे तर प्लॉट पडतील या आशेने वाढू लागले, आणि 1970 च्या वित्त कायद्याने शहरातली आणि शहरालगतची शेतजमीन व्याख्येत आणली. गावाकडची जमीन बाहेरच राहिली. आज आपण जो भेद पाहतो आहोत त्याचं मूळ हे आहे.

आता 'गाव' म्हणजे काय आणि 'शहरालगत' म्हणजे काय? आपण बोलताना सहज म्हणतो, "आमची जमीन खेड्यात आहे." पण कायद्यात खेडं असा शब्दच मोजत नाहीत. 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 2, पोटकलम 14 उघडलं तर तिथे दोनच कसोट्या दिसतात.

पहिली कसोटी हद्दीची. जमीन नगरपालिका, महानगरपालिका, नगरपंचायत किंवा कटक मंडळाच्या हद्दीत आहे आणि त्या संस्थेची लोकसंख्या 10,000 किंवा जास्त आहे, तर ती शेतजमीन असूनही भांडवली मालमत्ता. ग्रामपंचायत यात येत नाही. 20,000 वस्तीचं मोठं गाव असलं तरी ग्रामपंचायत ही नगरपालिका नव्हे, म्हणून तिच्या हद्दीतली जमीन या कसोटीने अडकत नाही. उलट, तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली आणि लोकसंख्या 10,000 वर असली, की कालपर्यंत 'गावची' असलेली जमीन आज व्याख्येत येते. रान तेच, बांध तोच, मालक तोच. फक्त पाटी बदलली.

दुसरी कसोटी अंतराची. जमीन हद्दीबाहेर आहे पण शहराच्या जवळ आहे. किती जवळ? ते शहराच्या लोकसंख्येवर ठरतं. 10,000 च्या वर ते 1 लाखापर्यंत लोकसंख्या असेल तर हद्दीपासून 2 किलोमीटरच्या आतली जमीन. 1 लाखाच्या वर ते 10 लाखांपर्यंत असेल तर 6 किलोमीटर. आणि 10 लाखांच्या वर असेल तर 8 किलोमीटर. या कड्याच्या बाहेर, आणि हद्दीच्याही बाहेर, अशी जी शेतजमीन, ती ग्रामीण शेतजमीन. तिच्यावर भांडवली नफ्याचा कर नाही.

इथे लोक तीन ठिकाणी चुकतात. एक, अंतर एसटी स्टँडपासून किंवा नगरपालिकेच्या इमारतीपासून मोजतात. कायदा हद्दीपासून मोजायला सांगतो, म्हणजे शहराच्या नकाशावरची जी शेवटची रेघ, तिथून. दोन, गाडीच्या मीटरवर मोजतात. आर्थिक वर्ष 2013-14 पासून अंतर हवाई, म्हणजे सरळ रेषेत मोजायचं आहे. त्याआधीच्या विक्रींना मात्र रस्त्याचं अंतर लागतं, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल आहे, आणि आयकर खात्याने 2015 मध्ये परिपत्रक काढून तो मान्य केला. जुन्या वर्षांची प्रकरणं अजून अपिलात असतील त्यांनी हे लक्षात ठेवावं. तीन, लोकसंख्या अंदाजाने धरतात. "आमचं शहर आता दोन लाखांचं झालंय हो." असेल, पण कायद्याला चालते ती जनगणनेची आकडेवारी, आणि तीही ज्या आर्थिक वर्षात जमीन विकली ते सुरू होण्याआधी प्रसिद्ध झालेली. 2025-26 मध्ये विकली तर 2011 चीच जनगणना. चौदा वर्षं जुनी आहे हे खरं, पण कायद्यात तीच.

आता हे एका उदाहरणावर लावून पाहू. शहर खरं घेऊ, पंढरपूर. कुटुंब काल्पनिक आहे. पंढरपूर नगरपरिषदेची 2011 ची लोकसंख्या 98,923. म्हणजे एक लाखाला हजारभर कमी. त्यामुळे पंढरपूरभोवतीचं कडं 2 किलोमीटरचं.

दोन भाऊ आहेत. वडिलांच्या जमिनीची वाटणी झाली तेव्हा थोरल्याच्या वाट्याला नदीपलीकडचं रान आलं आणि धाकट्याच्या वाट्याला थोडं लांबचं. दोघंही ती कसतात, सातबाऱ्यावर ज्वारी आणि ऊस आहे. थोरल्याचं रान हद्दीपासून सरळ रेषेत 1.6 किलोमीटर, पण पुलावरून वळसा घालून जायचं तर साडेतीन किलोमीटर. धाकट्याचं सरळ रेषेत 2.3 किलोमीटर. दोघांनी ऑक्टोबर 2025 मध्ये, योगायोगाने एकाच खरेदीदाराला, प्रत्येकी 48 लाखांना जमीन विकली.

धाकट्याचा हिशोब एका वाक्यात संपतो. त्याची जमीन 2 किलोमीटरच्या बाहेर, ग्रामीण शेतजमीन, भांडवली मालमत्ता नाही, कर शून्य.

थोरल्याला वाटतं, आपलीही सुटली, कारण गाडीवरून साडेतीन किलोमीटर होतात. पण हवाई अंतर 1.6. तो कड्याच्या आत आहे, म्हणून भांडवली नफा काढावा लागेल. जमीन वडिलोपार्जित, 2001 पूर्वीची. अशा वेळी मूळ किमतीऐवजी 1 एप्रिल 2001 ची बाजारकिंमत घेता येते. मूल्यांकन करणाऱ्याने ती 3 लाख काढली असं धरू. ही रक्कम त्या तारखेच्या सरकारी मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही, म्हणून 2001 च्या रेडी रेकनरचा उतारा जोडून ठेवायचा. 48 वजा 3, नफा 45 लाख.

23 जुलै 2024 नंतर दीर्घ मुदतीच्या नफ्यावर 12.5 टक्के कर आहे, महागाई निर्देशांकाचा फायदा न घेता. मात्र त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमिनीच्या बाबतीत निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला जुन्या पद्धतीशी तुलना करण्याची मुभा आहे: निर्देशांक लावून 20 टक्के. कर दोन्हींत जो कमी तोच भरायचा. थोरल्याच्या बाबतीत दोन्ही काढू. नव्या पद्धतीने 45 लाखांवर 12.5 टक्के, म्हणजे 5,62,500. जुन्या पद्धतीने 2001-02 चा निर्देशांक 100 आणि 2025-26 चा 376, त्यामुळे 3 लाखांचे 11.28 लाख होतात. नफा 36.72 लाख, त्यावर 20 टक्के 7,34,400. अर्थात नवी पद्धत स्वस्त. त्यावर 4 टक्के उपकर धरला की एकूण 5,85,000. थोरला पेन्शनर आहे आणि त्याची करमुक्त मर्यादा पेन्शनमध्येच संपते असं आपण इथे धरलं आहे. दुसरं उत्पन्न मुळीच नसतं तर न वापरलेली मर्यादा नफ्यातून वजा झाली असती.

एकाच बापाची जमीन, एकच दिवस, एकच भाव. फरक 700 मीटरचा आणि रक्कम पावणेसहा लाखांच्या वर. हे न्याय्य आहे का? आमचं मत विचाराल तर अशी कापलेली रेघ कुठेतरी कुणावर तरी अन्याय करणारच. पण रेघ आहे, आणि ती कुठे आहे हे विक्रीआधी कळू शकतं. बहुतेकांना ते नोटीस आल्यावर कळतं.

थोरल्याला मार्ग नाही असं नाही. कलम 54-ब त्याच्यासाठीच आहे. विकलेली जमीन विक्रीआधीची दोन वर्षं त्याने किंवा त्याच्या आईवडिलांनी शेतीसाठी वापरली असेल, आणि विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत त्याने दुसरी शेतजमीन घेतली, तर तिच्या किमतीइतका नफा करातून सुटतो. थोरल्याने 30 लाखांचं दुसरं रान घेतलं तर 45 पैकी 30 सुटले. उरलेल्या 15 लाखांवर नव्या पद्धतीने कर 1,87,500. जुन्या पद्धतीने 36.72 पैकी 30 सुटून 6.72 लाख उरतात, त्यावर 20 टक्के 1,34,400. इथे जुनी पद्धत स्वस्त, उपकरासह 1,39,776. लक्षात घ्या, सगळे 48 लाख गुंतवायची गरज नाही. मोजायचं ते नफ्याच्या रकमेशी.

पण इथेच फसगत होते. जमीन शोधायला वेळ लागतो, आणि रिटर्न भरायची मुदत आधी येते. त्या मुदतीपर्यंत नवी जमीन घेतली गेली नसेल तर जेवढी रक्कम वाचवायची आहे ती बँकेत 'भांडवली नफा खाते योजने'च्या खात्यात टाकावी लागते आणि पुढे त्यातूनच जमीन घ्यावी लागते. साध्या मुदत ठेवीत पैसे ठेवले तर 54-ब चा हक्क धोक्यात येतो. आम्ही असे लोक पाहिले आहेत ज्यांनी पैशाला हात लावला नाही, जमीनही वेळेत घेतली, आणि फक्त खातं चुकीचं उघडलं म्हणून वर्षानुवर्षं अपील लढले. शिवाय नवी जमीन तीन वर्षं विकायची नाही.

थोरल्याने आणखी एक पाहायचं. खरेदीखतात 48 लाख लिहिले, पण सरकारी मूल्यांकन त्याहून दहा टक्क्यांपेक्षा जास्त निघालं, तर कर सरकारी मूल्यावर मोजला जातो. धाकट्याला हे लागू नाही, कारण हा नियम भांडवली मालमत्तेपुरता आहे. व्यवहार 50 लाख किंवा वर असता, तर थोरल्याच्या खरेदीदाराला 1 टक्का टीडीएस कापावा लागला असता. धाकट्याच्या ग्रामीण जमिनीवर तो कापायचा नसतो.

आता इतका वेळ आपण 'शेतजमीन आहे' हे गृहीत धरून चाललो. ती आहे का, हा प्रश्न अंतराच्याही आधी येतो. बिगरशेती झालेला प्लॉट कितीही आडगावात असो, त्याला ग्रामीण शेतजमिनीची मोकळीक नाही. पंढरपूरपासून 40 किलोमीटरवर एनए प्लॉट विकला तरी तो भांडवली मालमत्ता आहे.

आणि सातबारा? तो चांगला पुरावा आहे, शेवटचा शब्द नाही. सर्वोच्च न्यायालयाचा 1993 चा सरीफाबीबी प्रकरणातला निकाल यासाठी वाचावा. सुरत नगरपालिकेच्या हद्दीतली जमीन, महसूल दप्तरी शेतीची. पण विक्रीआधी चार वर्षं तिच्यात पीक नव्हतं, ती गृहनिर्माण संस्थेला विकण्याचा करार होऊन बिगरशेती वापरासाठी विकायची परवानगी घेतलेली होती. न्यायालयाने ती शेतजमीन मानली नाही. एकच मुद्दा निर्णायक नसतो, सगळं चित्र एकत्र बघायचं, असा त्या निकालाचा रोख आहे.

दुसऱ्या टोकाला गोव्यातलं एक प्रकरण आहे, मुंबई उच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल. महसूल नोंदी शेतीच्या, नारळाची झाडं, रूपांतराची परवानगी विक्रीआधी घेतलेली नाही. आयकर विभागाचं म्हणणं, तुम्ही रिटर्नमध्ये शेतीचं उत्पन्न कधी दाखवलंच नाही. मालकाचं म्हणणं, नारळातून जे येत होतं ते देखभालीतच संपत होतं. न्यायालयाने मालकाची बाजू मानली. म्हणजे शेती उत्पन्न न दाखवणं हे एकटं कारण पुरेसं नाही. पण यावर विसंबून पीक पाहणीची नोंद सोडू नका. दरवर्षीची पीक पाहणी, पाणीपट्टी, साखर कारखान्याची ऊसबिलं, खत आणि बियाण्यांच्या पावत्या, हे सगळं पुढे तुमच्या बाजूने बोलतं. खरेदीदारासाठी म्हणून विक्रीआधी स्वतःच्या नावावर एनए करून देणं, ही मात्र आमच्या मते सगळ्यात महागडी मेहेरबानी आहे. खरेदीदाराला एनए हवं असेल तर ते त्याने खरेदीनंतर करावं.

एका श्रोत्यांचा प्रश्न आला आहे. "कर लागत नाही तर कुणाला सांगायची गरज काय?" गरज आहे. 30 लाख किंवा त्याहून जास्त किमतीचा व्यवहार दुय्यम निबंधक कार्यालय आयकर विभागाला कळवतं. तो तुमच्या वार्षिक माहिती विवरणात दिसतो. आपल्या धाकट्याचे 48 लाखही तिथे दिसणार. त्याने रिटर्न भरलं नाही किंवा त्यात उल्लेख केला नाही तर विचारणा येऊ शकते. विचारणा म्हणजे कर नव्हे, पण उत्तर कागदाने द्यावं लागतं.

कुठले कागद? विक्रीच्या वर्षाचा आणि आधीच्या वर्षांचा सातबारा, आठ-अ, खरेदीखत. खरेदीखतात जमिनीचं वर्णन शेतजमीन असंच असलं पाहिजे. त्या शहराची 2011 ची अधिकृत लोकसंख्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, विक्रीच्या तारखेला शहराची हद्द कुठे होती आणि तिथून जमिनीचं हवाई अंतर किती, याचं लेखी प्रमाणपत्र. हद्दीचा नकाशा नगरपालिकेच्या नगररचना विभागातून मिळतो, अंतरासाठी तहसीलदार किंवा भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करावा. फोनवरच्या नकाशात रेघ ओढून घेतलेलं अंतर स्वतःच्या समजुतीसाठी ठीक आहे, पण त्यात पालिकेची हद्द बरोबर दाखवलेलीच असेल याचा भरवसा नसतो. धाकट्यासारखं 2.3 किलोमीटर असेल तर हे प्रमाणपत्र विक्रीआधीच घ्या. तीनशे मीटरचं अंतर नकाशावर चुकायला वेळ लागत नाही.

'विक्रीच्या तारखेला' या शब्दांवर थोडं थांबू, कारण हद्दी सरकतात. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 गावं आली आणि 2021 मध्ये आणखी 23. पुण्याची लोकसंख्या 10 लाखांच्या वर, म्हणून कडं 8 किलोमीटरचं. हद्द बाहेर सरकली की कडंही तेवढंच बाहेर सरकतं. 2016 मध्ये ज्याची जमीन हद्दीपासून 10 किलोमीटरवर होती, त्याची आज 4 किलोमीटरवर असू शकते. ती त्याने हलवली नाही, शहर तिच्याकडे आलं. जमीन घेताना ती ग्रामीण होती, याला विकताना काही किंमत नाही.

आणि दुसरी गोष्ट सरकते ती लोकसंख्या. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 ठरली आहे. तिचे आकडे जेव्हा प्रसिद्ध होतील, त्यानंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षापासून नवी लोकसंख्या लागू. पंढरपूरचा आकडा 98,923 वरून एक लाखाच्या वर गेला, आणि तो जाणार नाही असं समजायला काही कारण दिसत नाही, तर तिथलं कडं एकदम 2 वरून 6 किलोमीटर होईल. धाकट्याने ऑक्टोबर 2025 मध्ये विकलं म्हणून तो सुटला. त्याच्या शेजारच्याने तेच रान त्यानंतर विकलं तर तो सुटणार नाही. सोलापूरचंही तसंच. 2011 मध्ये लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या थोडी वर, म्हणून आज 6 किलोमीटर. 10 लाख ओलांडले की 8.

1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू होतो आहे आणि कलमांचे क्रमांक बदलतात, त्यामुळे त्यानंतरच्या विक्रीसाठी आम्ही सांगितलेले जुने क्रमांक शोधत बसू नका. हद्द, लोकसंख्या आणि 2, 6, 8 किलोमीटर ही मोजणी मात्र नव्या कायद्यातही तशीच ठेवली आहे.

ज्यांची जमीन एक लाख किंवा दहा लाखांच्या उंबरठ्यावरच्या शहराजवळ आहे आणि ज्यांना ती नाहीतरी विकायचीच आहे, त्यांनी हद्दीचा नकाशा या महिन्यातच मागवावा. पुढच्या व्याख्यानात आपण सक्तीच्या भूसंपादनात मिळणाऱ्या मोबदल्याकडे वळू, कारण रस्त्याला किंवा धरणाला गेलेल्या जमिनीला वेगळे नियम लागतात आणि आज आलेले निम्मे प्रश्न त्याबद्दलचे आहेत.